ठिबकचा खर्च खरंच वसूल होतो का? डिस्काउंटेड कॅश फ्लोने कसं ठरवायचं, गोष्टीसारखं सांगा

उत्तर : आमच्या ओळखीतल्या एका भाऊंनी हे वहीत मांडून बघितलं होतं, तेच सांगतो. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

संच 1 लाखाचा, नळ्यांचं आयुष्य 7 वर्षं धरलं. मजुरी आणि खताची बचत 12 हजार, वाढीव उत्पन्न 16 हजार, फिल्टर-ॲसिड-दुरुस्तीला 3 हजार वजा, म्हणजे हातात वर्षाला 25 हजार. विकणारा म्हणाला 7 वर्षांत पावणेदोन लाख, 75 हजार नफा, सही करा! भाऊ म्हणाले थांबा, हेच 1 लाख दुसरीकडे लावले तर 12 टक्के सुटतात, मग सातव्या वर्षीचे 25 हजार आजचे किती? 1.12 ने सात वेळा भागलं तर जेमतेम 11,300. सगळी वर्षं अशी भागून बेरीज आली 1,14,000 च्या आसपास, म्हणजे नफा 75 नाही, 14 हजार.

पण पहिल्या वर्षी बसवणं, शिकणं यात फायदा निम्माच मिळणार, तो धरला की उरले 2,900. आणि पाणी क्षाराचं असल्यामुळे ड्रीपर चोंदतात, पाचव्या वर्षी 20 हजाराच्या नळ्या बदलाव्या लागणार असं धरलं, तेव्हा आकडा गेला वजा 8,400 वर. (चोंदतंय का ते बघायला लाइनच्या सुरुवातीच्या आणि टोकाच्या ड्रीपरखाली सारखीच भांडी ठेवायची, टोकाचं फारच कमी भरलं तर समजायचं.)

आता वाचलेल्या पाण्याचं काय? इथेच बहुतेकांचा घोळ होतो, पाण्याला पैसे मोजत नसाल तर वाचलेल्या पाण्याची कॅश फ्लोत किंमत शून्य, ते दुसऱ्या कुठल्या पिकाला दिलं तरच पैसा. भाऊंचा एक तुकडा पाण्याअभावी पडीक होता. त्यांनी उलटा प्रश्न विचारला, दुसऱ्या वर्षापासून या तुकड्याने सगळा खर्च वजा जाऊन किती दिलं तर खड्डा भरेल? उत्तर आलं वर्षाला साधारण 2,300. तेवढं तर साधं चारापीकही देतं म्हणाले आणि संच घेतला. तो तुकडा नसता तर घेतला नसता हे नक्की.

शीटमध्ये करायचं असेल तर सात वर्षांची रक्कम B1 ते B7 मध्ये टाका, आणि

```
=NPV(12%,B1:B7)-100000
```

कर्ज काढणार असाल तर त्याचं व्याज वार्षिक खर्चात परत टाकू नका, 12 टक्क्यांत ते आधीच आलंय, नाहीतर चांगला संचही तोट्याचा दिसेल.