वॉर्डातला शून्य आणि वृद्धाश्रमातला आठ

“मॅडम, आमच्या आजी नेहमीच्या तपासण्यांसाठी दवाखान्यात राहून परत आल्या. तिथल्या कागदावर कुपोषणाचा धोका शून्य लिहिला आहे आणि आमच्या फॉर्मवर मात्र धोका निघतो. खरं कोणाचं धरायचं?”

धुळे जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमाच्या परिचारिका दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना सांगितले, “ताई, दोन्ही कागद बरोबर आहेत, पण आजी आता तुमच्याकडे राहणार आहेत, म्हणून पुढचे तुमच्या फॉर्मवर ठरवा.”

वॉर्डात कुपोषणाचा धोका तपासणारा ‘मस्ट’ हा फॉर्म वापरला होता. तो उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय, तीन ते सहा महिन्यांतील वजनघट आणि तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ पोटात काही न जाणे, एवढेच पाहतो. आजींचे वजन पन्नासवरून ४८ किलोवर आले होते, म्हणजे घट ४ टक्के. उंची १५२ सेंटिमीटर असल्याने बीएमआय २०.८ येत होता आणि त्या थोडेफार जेवतही होत्या, त्यामुळे तिन्ही ठिकाणी शून्यच पडले.

वृद्धाश्रमाचा फॉर्म ६५ किंवा अधिक वयाच्या व्यक्तींसाठी असलेला ‘एमएनए-एसएफ’ होता. आजी भाकरी दुधात कुस्करूनही अर्धीच खात होत्या, म्हणून आहाराला १ गुण मिळाला. वजनघटीला २, खोलीबाहेर न पडण्याला १, तीव्र आजार किंवा मानसिक धक्का नसल्याचे २, सौम्य विस्मरणाला १ आणि बीएमआयला १, असे चौदापैकी ८ गुण झाले. आठ ते अकरा म्हणजे धोका. येथे गुण कमी तितका धोका जास्त असतो, तर ‘मस्ट’मध्ये नेमके उलट असते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

उलट बाजूही मी त्यांना दाखवली. स्वादुपिंडाच्या सुजेने दाखल झालेल्या ४२ वर्षांच्या गृहस्थांचे वजन दोन महिन्यांत ६८ वरून ६२ किलोवर आले होते आणि पाच दिवसांहून अधिक काळ त्यांच्या पोटात काहीच गेले नव्हते. बीएमआय जवळपास २३, दिसायला धडधाकट. तरी ‘मस्ट’चे गुण ३, म्हणजे मोठा धोका. ‘एमएनए-एसएफ’ या वयासाठी नाहीच. शिवाय वॉर्डातल्या वृद्धांवर तो लावला, तर अंथरुणाला खिळणे आणि ताजा आजार यांचे गुण आधीच कापले जातात, आणि जवळपास प्रत्येक जण धोक्यात दिसू लागतो.

एक गोष्ट मी आवर्जून तपासायला लावली. पाठीत वाकलेल्या माणसाची उभी उंची कमी भरते आणि बीएमआय फुगतो. उंची नीट घेता येत नसेल तर ‘एमएनए-एसएफ’मध्ये बीएमआयऐवजी पोटरीचा घेर मोजावा. ३१ सेंटिमीटरखाली शून्य, ३१ किंवा अधिक असेल तर ३ गुण. मात्र बीएमआय आणि पोटरी दोन्हींचे गुण धरू नयेत, आणि पायाला सूज असेल तर त्या घेरावर विसंबू नये.

आजींची कवळी सैल झाल्याचे निघाले. ती दुरुस्त होईपर्यंत तूप घातलेली मऊ खिचडी, घट्ट वरण आणि दूध दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यायचे, दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन घ्यायचे आणि तीन महिन्यांनी हाच फॉर्म पुन्हा भरायचा, असे आम्ही ठरवले.