सरासरी आणि मध्यक: कोणाची बेरीज कुठे सर्वांत कमी?

प्रश्न: सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्य येते. मग विचलनांची केवल मूल्यं घेतली, तरी त्यांची बेरीज सरासरीपाशीच सर्वांत कमी यायला हवी ना? पुस्तकात तिथे मध्यक लिहिलाय. विकलन न वापरता कोणी समजावेल का?

उत्तर:

ती शून्य बेरीज चिन्हांसकट आहे. डावीकडची ऋण विचलनं आणि उजवीकडची धन विचलनं एकमेकांना छेदतात, म्हणून शून्य. केवल मूल्य घेतलं की हे छेदणं बंद होतं, त्यामुळे त्या शून्यावरून केवल मूल्यांबद्दल काहीच ठरत नाही. गंमत म्हणजे तेच शून्य वर्गांच्या बाबतीत मात्र सगळं ठरवतं.

१, २, ४, ७, १६ हे पाच आकडे घ्या. बेरीज ३०, म्हणून सरासरी ६. मधला आकडा ४, तो मध्यक. आता संख्यारेषेवर क हा एक बिंदू ठेवा आणि तो सरकवत राहा.

आधी केवल मूल्यं. क ६ वर असताना अंतरं ५, ४, २, १, १० आणि बेरीज २२. क एक घर डावीकडे, ५ वर आणा. डावीकडच्या तीन आकड्यांपासूनचं अंतर प्रत्येकी १ ने घटलं, उजवीकडच्या दोघांपासूनचं प्रत्येकी १ ने वाढलं. निव्वळ फायदा १, बेरीज २१. आणखी एक घर सरका: ४ वर बेरीज २०. आता ३ वर जाऊन बघा. डावीकडे १ आणि २ हे दोनच उरले आणि ४, ७, १६ हे तिघे उजवीकडे गेले. दोन घटले, तीन वाढले, बेरीज पुन्हा २१.

या हिशेबात १६ किती लांब आहे हे कुठेच आलं नाही. क एक घर सरकला की प्रत्येक आकड्याचं अंतर बरोबर १ ने बदलतं, मग तो जवळ असो वा दूर. प्रत्येकाला एकच मत, आणि ज्या बाजूला मतं जास्त त्या बाजूला सरकण्यात फायदा. दोन्ही बाजू समसमान होतात तिथे थांबायचं, आणि ती जागा म्हणजेच मध्यक. खात्री करायची असेल तर १६ च्या जागी ४६ लिहा. सरासरी ६ वरून १२ वर जाते, मध्यक ४ वरच राहतो.

वर्ग घेतले की मतांचं वजन बदलतं. एखादा आकडा क पासून द अंतरावर असेल आणि क त्याच्यापासून ह इतका दूर गेला, तर

(द + ह)² = द² + २दह + ह²

म्हणजे वाढ २दह + ह². जवळ आला तर बदल −२दह + ह². यातल्या द कडे लक्ष द्या: लांबचा आकडा जास्त ओढतो, अंतराच्या प्रमाणात. म्हणून आता आकडे मोजून चालत नाही, दोन्हीकडच्या अंतरांची बेरीज जुळावी लागते. ४ वर ती जुळत नाही: डावीकडे ३ + २ = ५, उजवीकडे ३ + १२ = १५. ओढ उजवीकडे आहे. ६ वर डावीकडे ५ + ४ + २ = ११ आणि उजवीकडे १ + १० = ११. जुळली! तुम्ही सांगितलेली शून्य बेरीज ती हीच.

६ पासून क कुठेही ह ने हलवला, की २दह वाली सगळी पदं एकमेकांत संपतात आणि मागे फक्त ५ह² उरतं. ते कधीच ऋण नसतं, म्हणून ६ सोडून कुठेही गेलं तरी तोटाच. इथे विकलन लागलं नाही, आणि उत्तर अदमासे नसून तंतोतंत आहे. ताडून बघा: ६ वर वर्गांची बेरीज २५ + १६ + ४ + १ + १०० = १४६. ४ वर ९ + ४ + ० + ९ + १४४ = १६६. फरक २०, म्हणजे ५ × २².

विकलनाने केवल मूल्यांचा प्रश्न सोडवायला गेलात तर नेमके ४ पाशीच अडखळाल, कारण तिथे आलेखाला टोक आहे आणि उतार एकदम −१ वरून +१ होतो. शून्य उतार शोधत बसलात तर तो सापडणारच नाही. माझ्या मते घरं मोजण्याची रीतच इथे जास्त सरळ आहे.

आकडे सम संख्येने असले तर एक वेगळी गोष्ट दिसते. १६ काढून टाका आणि १, २, ४, ७ ठेवा. क २ वर असो, ३ वर असो, ४ वर असो किंवा २.५ वर, अंतरांची बेरीज ८ च येते, कारण २ ते ४ च्या दरम्यान दोन्हीकडे दोन-दोन मतं असतात. मध्यक ३ लिहितात तो केवळ संकेत. त्या पट्ट्यातला कोणताही बिंदू तितकाच चांगला. वर्गांच्या बाबतीत असा पट्टा कधीच येत नाही: इथे ४ह² उरतं, म्हणून सर्वांत कमी बेरीज ३.५ या एकाच जागी.