बोलताना मध्येच चूक काढली की गाडी अडते

"मी मराठी माध्यमातली. इंग्रजी बोलायचा सराव घरी मुलीबरोबर करते, पण ती दर वाक्याला टोकते आणि मला पुढचं काहीच सुचत नाही. तिला टोकू नकोस म्हटलं, तर चुका तशाच पक्क्या होतील अशी भीती वाटते. काय करू?"

ओळख लपवून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. चाकणच्या एका कारखान्यात ते गुणवत्ता विभाग सांभाळायचे. कामात तरबेज, पण परदेशी ग्राहकाचा फोन आला की बाजूच्या ज्युनिअरला पुढे करायचे. घरी मुलाबरोबर सराव सुरू केला होता आणि तुमच्यासारखाच बंद पडला होता. अडचण समजून घेण्यासारखी आहे. परक्या भाषेत बोलताना काय सांगायचं आणि ते कोणत्या शब्दांत, ही दोन्ही कामं माणूस एकाच वेळी करत असतो. त्यात कुणी टोकलं की लक्ष शब्दांकडे जातं आणि सांगायची गोष्टच निसटते.

त्यांच्या सोसायटीत इंग्रजीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या मदतीला तयार झाल्या. मी मॅडमना एवढंच सांगितलं की चूक दाखवू नका, त्यांचंच म्हणणं बरोबर करून, प्रश्न म्हणून परत विचारा. पहिल्या बैठकीत गृहस्थ म्हणाले, "यस्टरडे कस्टमर डिड नॉट ॲक्सेप्टेड द लॉट." मॅडमनी विचारलं, "ओह, ही डिडन्ट ॲक्सेप्ट द लॉट? व्हाय?" उत्तर आलं, "येस येस, ही डिड नॉट ॲक्सेप्टेड, बिकॉज साइझ वॉज आउट." गप्पा छान रंगल्या, चूक मात्र जागच्या जागी राहिली.

या पद्धतीची खरी मर्यादा इथेच आहे. बोलणाऱ्याला वाटतं, समोरचा आपल्या म्हणण्याला दुजोरा देतोय. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं होतं: शिक्षक सर्वांत जास्त वापरायचे ती हीच पद्धत, पण ती ऐकून मुलांनी स्वतःचं वाक्य सुधारल्याचं प्रमाण इतर पद्धतींपेक्षा कमी होतं. म्हणून केवळ गोड बोलून भागत नाही, दुरुस्ती कानाला जाणवावी लागते.

मग आम्ही दोन बदल केले. एका आठवड्यात एकच चूक धरायची, आणि पहिली धरली ती 'डिड'नंतरच्या क्रियापदाची. शिवाय अख्खं वाक्य परत न म्हणता चुकलेला तुकडाच म्हणायचा, क्रियापदावर किंचित जोर द्यायचा आणि क्षणभर थांबायचं: "डिडन्ट ॲक्सेप्ट?" त्या थांबण्यात गृहस्थ स्वतःच म्हणायचे, "येस, डिडन्ट ॲक्सेप्ट," आणि पुढे बोलत राहायचे. बाकीच्या चुका मॅडम वहीत टिपून ठेवायच्या. पंधरा मिनिटांच्या गप्पा संपल्या की त्यातली दोन-तीन वाक्यं त्यांच्यासमोर ठेवायच्या आणि दुरुस्त मात्र त्यांनाच करू द्यायच्या. जे वाक्य त्यांना स्वतःला सुधारता आलं नाही, ते अजून शिकायचं आहे असं समजायचं. अशा वाक्याला बोलता बोलता दिलेली दुरुस्ती फारशी लागू पडत नाही, बसून समजावून सांगावं लागतं. 'द' आणि 'अ'चं तसंच आहे. मराठीत ते नाहीत, इंग्रजीत ते इतके हलके उच्चारले जातात की कान चुकवून जातात. मी ते वहीपुरतेच ठेवायला सांगितले.

काही आठवड्यांनी गृहस्थ नाराज होऊन माझ्याकडे आले. "मॅडम, मी आधीपेक्षा जास्त अडखळतोय." कुठे अडखळता विचारलं, तर म्हणाले, "दे डिडन्ट सेंट... डिडन्ट सेंड, असं होतं." मला फार आनंद झाला. कुणी काही न बोलता स्वतःची चूक स्वतःला ऐकू येणं, ही या सरावातली खरी खूण. बरोबर रूप सहज तोंडात बसायच्या आधी हा टप्पा लागतो आणि नेमक्या याच वेळी बरेच जण सराव सोडतात. ते टिकले. पुढे ग्राहकाचे फोन स्वतः घ्यायला लागले. 'द' अजूनही विसरतात आणि त्यावाचून ग्राहकाचं काही अडत नाही.

तुम्ही मुलीला टोकणं बंद कर असं सांगू नका. या आठवड्यात कोणती एक चूक धरायची ते दोघी मिळून ठरवा आणि बाकीचं तिला वहीत लिहू द्या. तिने तुकडा म्हटला की तो एकदा मोठ्याने म्हणा, मगच पुढे जा. तुम्ही नुसतंच "हो हो" म्हणून पुढे जात असाल, तर तिने अर्धं वाक्य म्हणून थांबावं आणि उरलेलं तुम्ही पुरं करावं.

एक मात्र तपासून बघा. चार लोकांसमोर मराठीत बोलतानाही छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते असं होत असेल, तर अडचण इंग्रजीची नाही. तेव्हा हा सराव थोडा बाजूला ठेवून समुपदेशकाला भेटा, त्या भीतीवर आधी काम करावं लागेल.