टीव्हीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या

प्रश्न: टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. अर्थिंगचा दोष असेल का?

प्लग तीन पिनांचा असेल तर बहुधा हो. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून किंचित करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग तुटलं की तो तुमच्यातून जमिनीत जातो. दोन पिनांच्या टीव्हीत मात्र अर्थिंग चांगलं असूनही अशा मुंग्या येऊ शकतात.

आधी बटण बंद करून प्लग काढा. मधला एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा नाही ना, पाहा. मग टीव्ही थेट फ्रीजच्या सॉकेटला लावून बघा. तिथे मुंग्या थांबल्या तर दोष पहिल्या सॉकेटच्या किंवा एक्स्टेन्शन बोर्डाच्या अर्थिंगमध्ये. थांबल्या नाहीत तर प्लग काढूनच केबलची वायर सोडा. करंट तिच्यातूनही येतो. दोष अर्थिंगचा असो की केबलचा, टेस्टर मिणमिणतो, त्यावर विसंबू नका.

अर्थची पिन न्यूट्रलला कधीही जोडू नका, न्यूट्रल तुटला तर पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. जोराचा झटका बसला तर काहीही तपासू नका, मेन स्विच पाडून इलेक्ट्रिशियनला बोलवा.