क्विड, टेनर आणि ओल्ड बिल

प्रश्न: "सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी लंडनला चाललोय. पैसे, दारू आणि पोलीस यांच्यासाठी तिथले लोक बोलताना जे शब्द वापरतात ते पुस्तकात सापडत नाहीत. कुठला शब्द कुठे चालतो?"

पैशांचे शब्द बिनधास्त वापरा. पाउंडाला 'क्विड' दुकानदारही म्हणतो आणि प्राध्यापकही. त्यात शिवराळ काही नाही. फक्त त्याचं अनेकवचन करू नका. 'टेन क्विड' म्हणायचं, 'क्विड्स' म्हटलंत की नवखे आहात हे लगेच कळतं. हजारासाठीच्या 'ग्रँड'चंही तसंच. पाचाची नोट 'फायव्हर' आणि दहाची 'टेनर', यांना मात्र अनेकवचनी 'स' लागतो. घरभाड्याच्या करारात किंवा बँकेच्या पत्रात अर्थात 'पाउंड्स'च. 'पोनी' म्हणजे पंचवीस आणि 'मंकी' म्हणजे पाचशे, ही खास लंडनी बोली, आपल्या पेटी-खोक्याच्या जातीची. ऐकून कळली तरी पुरे.

पबमध्ये कुणी "लेंड अस अ टेनर" म्हणालं तर इकडेतिकडे बघू नका. तिथे 'अस' म्हणजे 'मला'. एकटा माणूसच दहा पाउंड उसने मागतोय.

दारूच्या बाबतीत जास्त जपून. 'बूझ' हा शब्द घरगुती, निरुपद्रवी. 'पिस्ड' मात्र ब्रिटनमध्ये झिंगलेला आणि अमेरिकेत चिडलेला. अमेरिकन मालिकांवर इंग्रजी पोसलेल्यांची इथे हमखास फसगत होते: मित्र सांगतो "आय वॉज पिस्ड लास्ट नाइट", आणि आपण विचारतो, कुणावर? शिवाय शब्द असभ्य आहे, चारचौघांत 'ड्रंक' बरा. डॉक्टरकडे तर भाषाच बदलते. तिथे आठवड्याला किती 'युनिट्स' घेता असं विचारतात. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. पाइंट ५६८ मिलीचा, बिअर ४ टक्क्यांची, म्हणजे एका पाइंटमध्ये साधारण २.३ युनिट्स. सरकारी सल्ला आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका असा आहे, म्हणजे जेमतेम सहा पाइंट. "दोन-तीन पाइंट" असं उत्तर दिलंत तरी डॉक्टर मनातल्या मनात हाच हिशेब करणार.

पोलिसांचे शब्द समजण्यापुरतेच ठेवा. 'बॉबी' हा रॉबर्ट पील यांच्या नावावरून आला. गृहमंत्री असताना त्यांनी १८२९ मध्ये लंडनचं पोलीस दल उभं केलं. आता तो वर्तमानपत्री, थोडा लाडिक वाटतो. 'कॉपर' पोलीस स्वतःलाही म्हणवून घेतात. 'द ओल्ड बिल' म्हणजे एक शिपाई नव्हे, अख्खं खातं. पोरंटोरं 'फेड्स' म्हणतात, ते अमेरिकेहून आलेलं. 'पिग्स' आणि 'द फिल्थ' या सरळ शिव्या, त्या तोंडात नकोतच. प्रत्यक्ष पोलिसाशी बोलताना 'ऑफिसर' म्हणा, आणि तक्रार लिहिताना 'पोलीस ऑफिसर'. हुद्दा माहीत असेल तर 'कॉन्स्टेबल' किंवा 'सार्जंट' लिहिलंत तर उत्तमच.