विनिपेगची थंडी आणि विंड चिल

प्रश्न: जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगला शिकायला जातेय. ॲपवर तापमान उणे २० आणि ‘विंड चिल’ उणे ३३ दिसतं. कपडे कोणत्या आकड्याला धरून घेऊ?

उत्तर: उणे ३३ ला. अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. ताशी ३० किमीचा वारा तो उडवून लावतो, म्हणून उघडी कातडी उणे ३३ मध्ये गारठावी तशी गारठते. १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. त्यामुळे सगळ्यात बाहेरचं जाकीट वारा अडवणारंच हवं. त्याखाली फ्लीस आणि अंगाला लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल. सुती बनियन नको, घामाने ओलं राहतं. मोजे दोन कोंबून बूट घट्ट करू नका, पाय उलट जास्त गारठतात. नाक-कान बधिर, पांढुरके वाटले की लगेच आत शिरा, चोळू नका.