मोज्यांचे माप: बुटाचा नंबर पाहावा की पावलाची लांबी?

प्रश्न: मी ४३ नंबरचा बूट घालतो. मोज्यांच्या एका पाकिटावर ३९–४२ आणि ४३–४६ असे गट आहेत, दुसऱ्यावर २५–२७ सेंमी लिहिले आहे. कोणते घ्यावे?

उत्तर: दोन्ही प्रकारची लेबले उपलब्ध असतील तर सेंटिमीटरचे लेबल निवडावे, कारण मोजा पावलावर बसतो, बुटावर नाही. युरोपीय नंबर बुटाच्या साच्याच्या लांबीवरून ठरतो, त्यात बोटांपुढची मोकळी जागाही धरलेली असते आणि ती प्रत्येक बुटात सारखी नसते. त्यातच धावण्याचे बूट अनेकजण मुद्दाम एक नंबर मोठे घेतात.

संध्याकाळी टाच भिंतीला टेकवून, पूर्ण भार देऊन कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी आणि दोन्हींपैकी मोठ्या पावलाचे माप धरावे. समजा ते २६.३ सेंमी आले, तर २५–२७ चा मोजा नेमका बसेल. बुटाच्या ४३ वरून मात्र तुम्ही ४३–४६ या गटात जाल, आणि हा मोजा त्याहून बऱ्याच लांब पावलांनाही पुरेल असा विणलेला असतो. मग टाचेचा खोलगा घोट्यामागे वर सरकतो आणि बोटांपुढे उरलेल्या कापडाची घडी पडते. बुटात ती घासून फोड येतात. उलट मोजा लहान असेल, तर तो खोलगा तळव्याखाली ओढला जातो.

लेबलवर फक्त १०–१३ असेल, तर तो बहुधा बुटाचा नंबर नसून इंचांवर आधारलेले मोज्याचे माप असते, हेही ध्यानात ठेवावे.